क्वार्टर बंद केल्यानंतरचे तीस दिवस

आषाढ अमावास्येच्या आधीचा रविवार म्हणजे महाराष्ट्रातल्या मटणाच्या आणि दारूच्या दुकानांचा वर्षातला मोठा दिवस. दीपपूजनाच्या या अमावास्येला लोकांनी ‘गटारी’ करून टाकलं आहे. पण तिच्या दुसऱ्या दिवशी जे सुरू होतं, त्याकडे आपण फारसं लक्ष देत नाही. एरवी आठवड्यातून तीन-चार वेळा ‘बसणारे’ कितीतरी पुरुष श्रावणभर थेंबाला शिवत नाहीत. कुणी पिठोरी अमावास्येपर्यंत पाळतो, कुणी गणपतीचं विसर्जन होईपर्यंत. ब्रिटनमध्ये ‘ड्राय जानेवारी’ ही मोहीम २०१३ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे पाळणूक त्याहून कितीतरी जुनी आहे. फरक एवढाच की, तिकडच्या डॉक्टरांनी महिन्याच्या आधी आणि महिन्यानंतर लोकांचं रक्त तपासलं, बीपी मोजलं, यकृतातली चरबी पाहिली. आपल्याकडे श्रावण संपला की कुणी काही मोजत नाही.

ते मोजावं, आणि कधी काय मोजायचं हे कळावं, यासाठी हा लेख आहे. कारण झोप, मन, बीपी आणि यकृत या चौघांचं वेळापत्रक एक नाही. काहीतरी चौथ्या रात्रीच बिघडतं, काहीतरी दहाव्या दिवशी सुधारतं, आणि रक्तातला एखादा आकडा खाली यायला महिनाही कमी पडतो. हे ठाऊक नसेल, तर माणूस चुकीच्या दिवशी चुकीचा निष्कर्ष काढतो.

हिशेबासाठी एक माणूस समोर ठेवू. वय ४६, खाजगी नोकरी, पोट थोडं सुटलेलं. आठवड्यातल्या चार संध्याकाळी तो व्हिस्कीची क्वार्टर घेतो, म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. त्यामुळे ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं, मोठ्या पेगमध्ये २०, आणि क्वार्टरमध्ये ६०. चार दिवसांचे झाले २४० ग्रॅम. (बिअर पिणाऱ्यांनी सूट घेऊ नये. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ४० ग्रॅमहून जास्त अल्कोहोल असतं, म्हणजे दोन मोठे पेग.) आपल्या माणसाचं बीपी १४२/९२ आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एसजीपीटी ६८ आणि जीजीटी ९६ आले आहेत, सोनोग्राफीवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असं लिहिलं आहे. तो स्वतःला दारुडा समजत नाही आणि घरचेही समजत नाहीत. सकाळी वेळेवर कामावर जातो.

हा माणूस निवडण्याला कारण आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातल्या डॉक्टरांनी महिनाभर दारू बंद ठेवणाऱ्या ९४ जणांच्या तपासण्या केल्या. हे काम २०१८ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात आलं. ती माणसं आठवड्याला सरासरी २५८ ग्रॅम अल्कोहोल घेत होती. म्हणजे आठवड्याला चार क्वार्टर घेणारा आपला माणूस त्या गटात सहज बसला असता.

पण पहिला आठवडा सांगण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. जो रोज पितो, ज्याचे हात सकाळी थरथरतात आणि घोटभर घेतल्यावरच स्थिर होतात, ज्याला सकाळी उठल्यावर प्यावी लागते, ज्याला पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली होती किंवा भास झाले होते, त्याने श्रावण लागला म्हणून एकदम दारू बंद करू नये. अशा माणसाला शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान वात होऊ शकतो: माणूस बरळतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, बीपी आणि नाडी वाढत जाते. यात जीव जातो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने दारूची दुकानं एका दिवसात बंद झाली, तेव्हा केरळमध्ये यातून इतकी बिकट परिस्थिती झाली की, तिथल्या सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. उच्च न्यायालयाने तो थांबवला. अशा माणसाला डॉक्टर काही दिवस मेंदू शांत ठेवणारी औषधं देतात, ती कमी करत आणतात, आणि सोबत बी-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन देतात, कारण त्याची उणीव असताना मेंदूला कायमची इजा होऊ शकते. घरच्यांनी ‘आता सोडतोच आहे तर सोडू दे’ म्हणून गप्प बसू नये. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पुण्यात १९८६ पासून चालणारं मुक्तांगण आहे. जिल्हा रुग्णालयातही मनोविकार विभाग असतो.

आपला माणूस या गटातला नाही. मधले तीन दिवस तो न पिता नीट राहतो, हात थरथरत नाहीत. त्याने थांबायला हरकत नाही.

पहिल्या आठवड्याची कसोटी रात्रीची असते. क्वार्टर घेतल्यावर झोप पटकन लागते, हे खरं आहे. पण यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल मोडतं. रात्री दहाला संपवलेली क्वार्टर रक्तातून पूर्ण जायला पहाट होते. रात्रीच्या पहिल्या भागात अल्कोहोल स्वप्नांची झोप दाबून टाकतं. मग ते उतरू लागतं आणि दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर येतं. झोप उथळ होते, छातीत धडधड जाणवते, घाम येतो, लघवीला उठावं लागतं, आणि तीन-साडेतीनला टक्क जाग येते. घशाचे स्नायू सैल पडल्यामुळे घोरणंही वाढतं. ज्यांचा श्वास झोपेत मध्येमध्ये अडतो, त्यांचा तो जास्त अडतो. हे वर्षानुवर्षं चाललेलं असल्यामुळे माणसाला वाटतं, चाळिशीनंतर झोप अशीच असते.

दारू थांबली की पहिल्या तीन-चार रात्री झोप आणखी बिघडते. अंथरुणावर पडलं तरी तास-दीड तास डोळा लागत नाही. लागला की ठळक, विचित्र, कधी भीतीदायक स्वप्नं पडतात, कारण इतके दिवस दबलेली स्वप्नांची झोप आता थकबाकी वसूल करते. कित्येकांना स्वप्नात आपण पितो आहोत असं दिसतं आणि ते दचकून जागे होतात. नेमक्या याच वेळी बहुतेक लोक म्हणतात, ‘बघ, दारू होती म्हणून झोप लागत होती.’ आणि पाचव्या रात्री बाटली पुन्हा उघडते, किंवा कुणाकडून तरी झोपेची गोळी आणली जाते. गोळी तर अजिबात घेऊ नये. तीही मेंदूत दारूसारख्याच जागी काम करते. या रात्री वाईट जातात म्हणजे काहीतरी बिघडलं आहे असं नाही. आपल्या माणसाइतकं पिणाऱ्याची घडी बहुधा आठवडाभरात बसायला लागते. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यांची झोप मात्र काही महिने विस्कळीत राहू शकते. त्यांनी महिनाभरात निराश होऊ नये.

बीपीची गोष्ट पहिल्या आठवड्यात फसवी असते. प्यायल्यानंतरचे दहा-बारा तास अल्कोहोल रक्तवाहिन्या सैल करतं आणि बीपी थोडं खालीच आणतं. वाढ होते ती त्यानंतर, म्हणजे दुसऱ्या दिवशी. रात्री घरी बीपी मोजून ‘दोन पेगनंतर माझं नॉर्मल येतं’ म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. वारंवार पिणाऱ्याच्या शरीरात धोक्याच्या वेळी काम करणारी मज्जासंस्था सतत जागी राहते, रक्तवाहिन्या आवळणारी संप्रेरकं वाढतात, नाडी जलद चालते. दारू बंद केल्यावर पहिले दोन-तीन दिवस ही मज्जासंस्था आणखी चवताळते. त्यामुळे बीपी आधीपेक्षा वरही दिसू शकतं. म्हणून त्या दिवसांतला आकडा धरून काही ठरवू नये.

बीपी मोजायचं ते असं. सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि तंबाखूच्या आधी. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहायचे. दारू थांबवण्याच्या आधीचे चार-पाच दिवस हे केलं, तर पुढे तुलनेला काहीतरी हाती राहतं. गटारीच्या दुसऱ्या दिवशी मोजलेलं बीपी मात्र तुलनेला घेऊ नका. ते फुगलेलं असतं, आणि मग महिन्याचा फायदाही उगाच फुगवून दिसतो.

दुसऱ्या आठवड्यात वहीतले आकडे उतरायला लागतात. इथे बार्सिलोनातला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज १०० ग्रॅमहून जास्त अल्कोहोल घेणारे ४२ पुरुष, आणि चोवीस तास दंडावर बांधून ठेवायचं बीपीचं यंत्र. महिनाभराने त्यांचं वरचं बीपी सरासरी ७.२ ने आणि खालचं ६.६ ने उतरलं. नाडी मिनिटाला आठ ठोक्यांनी मंदावली. सुरुवातीला त्यांच्यातले ४२ टक्के लोक उच्च रक्तदाबाचे होते, महिन्यानंतर १२ टक्के उरले. त्या बाकीच्यांना बीपीचा आजार होता की दारूचा, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभराच्या गोळ्या सुरू केल्या आहेत अशा अनेकांना विचारायला हवा. लंडनच्या त्या ९४ जणांचं वरचं बीपी सरासरी ६.६ टक्क्यांनी कमी झालं. आपल्या माणसाचं १४२ असेल, तर या हिशेबाने ते १३२-१३३ पर्यंत यावं.

याला मर्यादाही आहे. जे दिवसाला एक-दोन पेगांच्या आतच घेतात, त्यांचं बीपी दारू बंद केल्याने हलत नाही, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर २०१७ मध्ये दिसून आलं. फायदा जास्त पिणाऱ्यांना जास्त. आणि ज्यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी आकडे उतरलेले पाहून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. उठताना अंधारी आली, वरचं बीपी ११० च्या खाली राहू लागलं, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. लंडनच्या गटात इन्शुलिनला दाद न देण्याची शरीराची सवय सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाली होती. म्हणजे तोच डोस आता जास्त पडू शकतो आणि साखर अचानक खाली जाऊ शकते.

याच आठवड्यात गोडाची ओढ लागते. क्वार्टरमधल्या अल्कोहोलचे चारशेहून अधिक उष्मांक, त्यावर चाखण्याचे शेंगदाणे, चकली, तळलेलं चिकन, हे सगळं थांबलेलं असतं आणि शरीर ते दुसरीकडून मागतं. श्रावणात ते मागणं पुरं होतं साबुदाण्याच्या खिचडीने, पुरणपोळीने, आणि मित्र पीत बसलेले असताना हातात धरलेल्या कोल्ड्रिंकच्या ग्लासने. या ग्लासाकडे मी जरा रागानेच बघते. त्यातल्या साखरेतला फ्रुक्टोज यकृतातच जातो आणि तिथे त्याची चरबी बनते. यकृतातली चरबी उतरावी म्हणून दारू सोडायची आणि रोज संध्याकाळी दोन ग्लास कोल्ड्रिंक प्यायचं, हा महिना वाया घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. सोडा-लिंबू, ताक, सोलकढी काहीही चालेल.

मनाचं आता. अल्कोहोल मेंदूतल्या शांत करणाऱ्या रसायनाचं काम वाढवतं आणि उत्तेजित करणाऱ्या रसायनाचं काम दाबतं. रोजच्या रोज हे होऊ लागलं की, मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो: सतत कुणीतरी ब्रेक दाबून ठेवलेल्या गाडीने ॲक्सिलरेटरवर पाय वाढवत न्यावा, तसा. दारू निघाली की ब्रेक सुटतो, पण ॲक्सिलरेटर तसाच दाबलेला राहतो. पहिल्या आठ-दहा दिवसांतली चिडचिड, उगाचची धाकधूक, फोन वाजला तरी दचकणं, हे त्यातून येतं. पिण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाटणारी ‘काहीतरी वाईट होणार’ ही भीतीही याच जातीची असते. लोक ती ऑफिसच्या ताणाच्या नावावर घालतात आणि संध्याकाळी त्यावर उतारा म्हणून पुन्हा पितात.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत हा पाय सैल होतो. यातून मनाला काय मिळतं, याचं सर्वांत ठळक उत्तर कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या दोन संशोधकांनी १९८८ मध्ये दिलं. दारूचं व्यसन असलेले १९१ पुरुष उपचारासाठी दाखल झाले, तेव्हा त्यांच्यातल्या ४२ टक्के लोकांमध्ये नैराश्याची लक्षणं औषध लागावं इतकी तीव्र होती. चार आठवडे दारू बंद राहिल्यावर असे लोक ६ टक्के उरले. बाकीच्यांच्या नैराश्याचं मूळ दारूतच होतं. तेव्हापासून मनोविकारतज्ज्ञ महिन्याचा हा काळ एका चाचणीसारखा वापरतात. दारू थांबून चार आठवडे झाल्यावरही उदासी, रडू येणं, कशातच रस न वाटणं तसंच राहिलं, तर तो स्वतंत्र आजार आहे आणि त्यावर स्वतंत्र उपचार हवा. पण आत्महत्येचे विचार येत असतील, तर चार आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर, किंवा १४४१६ वर टेलि-मानस.

तिसऱ्या आठवड्यातली एक अडचण मात्र रसायनाची नाही. संध्याकाळी साडेसात ते दहा हा वेळ रिकामा पडतो. ज्या मित्रांशी गेली दहा वर्षं फक्त ग्लास समोर ठेवूनच बोलणं झालं, त्यांच्याशी ग्लासाशिवाय काय बोलायचं ते सुचत नाही. काही जणांना हे उदासीसारखं वाटतं. ती उदासी नसते, तो एकटेपणा असतो, आणि त्यावर गोळी नाही. श्रावण पाळणाऱ्यांना इथे एक मोठी सोय आहे. ‘श्रावण आहे’ म्हटलं की कुणी आग्रह करत नाही, कुणी खोदून विचारत नाही. तेच वैशाखात ‘मी महिनाभर घेत नाही’ म्हटलं की दहा प्रश्न येतात.

यकृताचं काम सर्वांत शांतपणे चालतं आणि त्याचा पुरावा सर्वांत उशिरा हाती येतो. अल्कोहोल शरीरात साठवता येत नाही, त्यामुळे ते आलं की यकृत बाकीची कामं बाजूला ठेवून आधी ते मोडायला घेतं. त्या वेळी चरबी जाळण्याचं काम थांबतं. उलट अल्कोहोल मोडताना तयार होणाऱ्या द्रव्यांपासून नवी चरबी बनू लागते. आठवड्यातून चार रात्री असं झालं की, पेशींमध्ये चरबीचे थेंब साचतात. दारू थांबली की अडथळा दूर होतो आणि साचलेली चरबी काही दिवसांतच जळू लागते. साधी चरबी असेल, तर ती दोन ते सहा आठवड्यांत बरीच उतरते.

२०१३ मध्ये लंडनच्याच ‘न्यू सायंटिस्ट’ या साप्ताहिकातल्या दहा कर्मचाऱ्यांनी पाच आठवडे दारू सोडली, चौघांनी पिणं चालू ठेवलं, आणि तिथल्या यकृततज्ज्ञांनी सगळ्यांच्या तपासण्या केल्या. सोडणाऱ्यांच्या यकृतातली चरबी सरासरी १५ टक्क्यांनी कमी झाली, काहींची २० टक्क्यांपर्यंत. उपाशीपोटीची साखर १६ टक्क्यांनी उतरली. पाचपैकी गुण देऊन झोप सांगायला लावली, तेव्हा ३.९ वरून ४.३ आली. दहाच माणसं, तीही स्वतःहून पुढे आलेली, त्यामुळे या आकड्यांवर फार भार टाकता येत नाही. पण चालू ठेवणाऱ्या चौघांमध्ये असा बदल दिसला नाही, आणि पुढच्या मोठ्या अभ्यासाची वाट याच छोट्या प्रयोगाने मोकळी केली.

आता चौथ्या आठवड्याच्या शेवटी आपला माणूस लॅबमध्ये जातो. त्याने काय अपेक्षा ठेवावी? एसजीपीटी आणि एसजीओटी हे आकडे दोन-तीन आठवड्यांतच खाली येऊ लागतात. ६८ चा आकडा चाळिशीत आला, तर नवल नाही. जीजीटी मंद उतरतं, साधारण दोन ते तीन आठवड्यांत निम्मं होतं. म्हणजे ९६ चं तीस दिवसांनी ४० च्या आसपास येईल, कदाचित थोडं वरही राहील. ते अजून ‘हाय’ दाखवतं म्हणून खचायचं कारण नाही, खाली येतंय ना एवढंच बघायचं. जीजीटी जराही हललं नाही, तर दोन शक्यता: मध्ये कुठेतरी प्यायली गेली आहे, किंवा कारण दुसरं आहे. काही फिटच्या गोळ्यांनीही ते वाढतं.

सोनोग्राफीवर मात्र घाईने विसंबू नका. डॉक्टर पडद्यावर यकृत किती पांढुरकं दिसतं ते डोळ्यांनी ताडतात. ग्रेड वनमधली चरबी १५ टक्क्यांनी उतरली, तरी रिपोर्टवर ‘ग्रेड वन’ हेच शब्द पुन्हा येऊ शकतात. फायब्रोस्कॅन हे यंत्र चरबी आणि यकृताचा कडकपणा या दोन्हींचे आकडे देतं, आणि त्यात बदल दिसतो. पण तेही भरपूर पिण्याच्या दिवसांत करू नये. यकृताला सूज असते तेव्हा कडकपणाचा आकडा खोटा वाढून येतो आणि नसलेला सिरॉसिस असल्यासारखा वाटतो. महिनाभर थांबून, उपाशीपोटी, शक्यतो त्याच ठिकाणी केलेली तपासणी तुलनेला बरी.

जे महिन्यात उतरत नाही, तेही ठाऊक असावं. यकृतात तयार झालेले कडक धागे तीस दिवसांत विरघळत नाहीत. सिरॉसिस झालेल्या माणसाचं एसजीपीटी अगदी नॉर्मलही असू शकतं, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त होणं धोक्याचं. डोळे पिवळे, पाय सुजलेले, पोटात पाणी, काळी शौच, रक्तातल्या प्लेटलेट कमी, यांपैकी काही असेल, तर प्रश्न महिन्याचा राहत नाही, कायमच्या बंदीचा होतो.

श्रावण संपतो आणि पुढच्या शनिवारी मित्र म्हणतात, चल बसू. आपल्या माणसाने त्या दिवशी पूर्वीसारखी क्वार्टर घेऊ नये. महिनाभरात शरीराची सवय मोडलेली असते. तीच मात्रा आता जास्त चढते, आणि तो गाडी चालवत घरी जाणार असतो.

आपल्याकडे एक समजूत घट्ट आहे की, सोबत चांगलं खाल्लं, अंडी-मटण घेतलं, तर दारू लिव्हरला बाधत नाही. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स लीबर आणि इमॅन्युएल रुबिन यांनी १९६८ मध्ये ही समजूत खोडून काढली. दारूचं व्यसन नसलेल्या माणसांना त्यांनी पौष्टिक, प्रथिनांनी भरलेला आहार दिला आणि सोबत अल्कोहोल. यकृताचे तुकडे काढून तपासले, तर तीन आठवड्यांच्या आत त्यात चरबी जमलेली होती. श्रावणात उतरलेली चरबी भाद्रपदात परत यायला इतका वेळ पुरतो.

महिना पाळणारे सगळेच जुन्या मापावर परत जात नाहीत. ससेक्स विद्यापीठातल्या रिचर्ड दे व्हिसर यांनी ड्राय जानेवारी पाळलेल्यांना ऑगस्टमध्ये पुन्हा विचारलं. आठवड्यातले पिण्याचे दिवस सरासरी ४.३ वरून ३.३ वर आलेले होते. आपल्या माणसाने चाराच्या दोन संध्याकाळी केल्या आणि क्वार्टरऐवजी मोठा एकच पेग घेतला, तर त्याचे २४० ग्रॅम ४० वर येतात. तेव्हा त्याचं बीपी वहीत कुठे राहतं, जीजीटी तीन महिन्यांनी किती येतं, हे त्याने पाहावं. त्याच रिपोर्टमध्ये एमसीव्ही नावाचा आकडा असतो, रक्तातल्या लाल पेशींचं सरासरी आकारमान. दारूने तो वाढतो, आणि जुन्या पेशी जाऊन नव्या येईपर्यंत दोन ते चार महिने उतरत नाही. श्रावणात दारू थांबवली, तर तो पाहायची वेळ दिवाळीच्या सुमारास येते.